दोन पावसाळ्यांनी भराव बसतो का?

खाडीकाठच्या जमिनीवर भराव टाकून बांधकाम करायचे ठरले की कोणीतरी जाणता माणूस सल्ला देतो, ‘घाई करू नका, भरावाला दोन पावसाळे दाखवा, मग बघा.’ सल्ला चुकीचा नाही. मात्र तो भरावाबद्दल आहे. मुरूम आणि दगडमातीच्या भरावातल्या पोकळ्या पावसाच्या पाण्याने कोसळतात आणि भराव स्वतःपुरता बसतो. त्याच्या खाली असलेल्या काळ्या, लोण्यासारख्या मऊ चिकणमातीला पावसाळ्याशी काही देणेघेणे नसते. ती आधीपासूनच पाण्याने पूर्ण भरलेली असते, आणि तिला बसायचे असेल तर पाणी आत यायला नको, बाहेर जायला हवे.

घरात श्रीखंडासाठी चक्का बांधलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढचे समजायला अवघड जाणार नाही. दह्याचे गाठोडे टांगून त्यावर पाटा ठेवला तर पाट्याचे वजन प्रथम दह्याच्या घट्ट भागावर येत नाही, ते आतल्या पाण्यावर येते. पाणी दाबले जाते, फडक्यातून हळूहळू ठिबकते, आणि जेवढे पाणी बाहेर पडेल तेवढेच वजन उरलेल्या घट्ट भागाकडे सोपवले जाते. चिकणमातीत नेमके हेच घडते. भराव पडतो त्या क्षणी त्याचा सगळा भार मातीच्या कणांमधल्या पाण्यावर पडतो आणि तिथला दाब वाढतो. पाणी निसटत जाते तसा हा जादा दाब उतरतो, कण एकमेकांवर टेकतात आणि जमीन खाली बसते. या क्रियेला कन्सॉलिडेशन किंवा दृढीकरण म्हणतात. रोलर फिरवून जे साधते ते वेगळे. तिथे मातीतली हवा बाहेर काढायची असते आणि काम एका दिवसात उरकते. भिजलेल्या चिकणमातीत हवा नाहीच, आणि पाण्याला घाई करता येत नाही.

जमीन एकूण किती बसेल हे भराव किती जड आणि माती किती मऊ यावर ठरते. किती दिवसांत बसेल, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ज्या एका लांबीवर सर्वाधिक अवलंबून असते तिला निचऱ्याची वाट म्हणतात. थराच्या आत सर्वांत अडचणीत सापडलेल्या पाण्याच्या थेंबाला सुटकेपर्यंत जितके अंतर कापावे लागते, ती ही लांबी. थराच्या वर वाळू किंवा भराव असेल आणि खालीही वाळू असेल, तर मधला थेंब दोन्हीकडे निसटू शकतो आणि वाट थराच्या निम्मी होते. खाली घट्ट, पाणी न सोडणारी माती किंवा अभंग खडक असेल, तर तळाच्या थेंबाला संपूर्ण थर चढून वर यावे लागते.

ही वाट दुप्पट झाली तर वेळ दुप्पट न होता चौपट होतो, आणि त्याचे कारण साधे आहे. वाट दुप्पट म्हणजे त्या वाटेवर येणारी माती दुप्पट, म्हणून बाहेर काढायचे पाणीही दुप्पट. शिवाय तोच दाब आता दुप्पट अंतरावर पसरतो, त्यामुळे दाबाचा उतार निम्मा होतो आणि पाण्याचा वेगही निम्मा होतो. दुप्पट पाणी, निम्मा वेग, म्हणून वेळ चौपट. १९२० च्या दशकात इस्तंबूलमध्ये शिकवत असताना कार्ल तेरझागी यांनी प्रयोग करून या क्रियेचा सिद्धान्त मांडला. त्यातले वेळेचे सूत्र एवढेच आहे:

t = Tv × H² / cv

इथे H म्हणजे निचऱ्याची वाट. cv हा त्या मातीचा स्वभाव: ती किती सहज पाणी सोडते आणि किती दबते, या दोन्हींचा मिळून काढलेला आकडा. Tv ही निव्वळ संख्या आहे. अर्धे काम व्हायचे असेल तर ती ०.१९७ धरायची आणि नव्वद टक्के व्हायचे असेल तर ०.८४८.

प्रयोगशाळेत या मातीची दोन सेंटीमीटर जाडीची चकती एका कड्यात बसवतात, तिच्या वर आणि खाली सच्छिद्र दगड ठेवतात आणि वजन टाकून डायल गेजचा काटा बघत बसतात. समजा cv वर्षाला एक चौरस मीटर आहे; सागरी चिकणमातीसाठी हा आकडा जगावेगळा नाही. या चकतीत निचऱ्याची वाट फक्त एक सेंटीमीटर, त्यामुळे नव्वद टक्के काम सुमारे ४५ मिनिटांत होते. आता हीच माती जमिनीखाली आठ मीटर जाडीने पसरली आहे आणि वर-खाली दोन्हीकडे निचरा आहे असे धरा. वाट चार मीटर, म्हणजे चारशेपट. वेळ चारशेच्या वर्गाने, म्हणजे एक लाख साठ हजार पटीने वाढणार. त्या ४५ मिनिटांची होतात जवळजवळ चौदा वर्षे. तळाशी निचरा नसेल तर चौदाची चौपट, साधारण पंचावन्न वर्षे.

मग दोन पावसाळ्यांचे काय? या थरावर तीन मीटर भराव टाकल्याने जमीन शेवटी ६० सेंटीमीटर बसणार आहे असे मानू. दोन वर्षांनी निचरा दोन्हीकडे असेल तर सुमारे ४० टक्के काम झालेले असते, म्हणजे २४ सेंटीमीटर. निचरा एकाच बाजूने असेल तर २० टक्के, म्हणजे जेमतेम १२ सेंटीमीटर. उरलेले ४८ सेंटीमीटर त्या जागेवर बांधलेल्या फरसबंदीच्या, कुंपणाच्या आणि गटाराच्या वाट्याला येतात. इमारत पाइल्सवर, म्हणजे खडकापर्यंत नेलेल्या खांबांवर उभी असल्याने ती हलत नाही. भोवतालचे अंगण मात्र खाली जाते, जिन्याच्या पहिल्या पायरीखाली आणखी एक पायरी करावी लागते आणि भिंतीतून बाहेर पडणारा सांडपाण्याचा पाइप जोडावर तुटतो. अशा सोसायट्यांत वास्तुदोष काढायला येणारे लोक मी पाहिले आहेत. दोष असलाच तर माती तपासायला घेतलेल्या बोअरहोलच्या कागदावर सापडतो.

त्या कागदावर सर्वांत काळजीने वाचायची गोष्ट म्हणजे वाळूचा थर. नमुन्याची नळी उभी चिरली की काळ्या मातीत कधी बोटभर जाडीची, शिंपल्यांचे तुकडे असलेली वाळूची रेघ दिसते. ती खरोखर सलग पसरून मोकळ्या जागी पोहोचत असेल तर थराचे दोन तुकडे होतात आणि वेळ झपाट्याने घटतो. पण ती चार पावलांवर संपत असेल तर पाणी तिच्यात शिरून तिथेच अडकते. हिशेबात तिला निचरा धरले की सगळा अंदाज आशावादी होतो.

जपानमधल्या कान्साई विमानतळाची गोष्ट यासाठी पाहण्यासारखी आहे. ‘समुद्रात बुडणारा विमानतळ’ म्हणून त्याचे व्हिडिओ फिरत असतात आणि त्यात अभियंते फसले असे सुचवलेले असते. बांधकाम १९८७ मध्ये सुरू झाले, विमानतळ १९९४ मध्ये उघडला. तिथे समुद्र सुमारे १८ मीटर खोल आहे आणि तळाशी सुमारे २० मीटर अतिशय मऊ चिकणमाती आहे. या वरच्या थरात वाळूचे उभे स्तंभ एकमेकांच्या जवळ उतरवले गेले, त्यामुळे पाण्याची वाट मीटरभरावर आली आणि त्या थराचे बसणे विमानतळ उघडण्यापूर्वीच जवळपास संपले. आज बेट जे बसत आहे ते त्याच्या खालच्या, शेकडो मीटर खोल आणि कितीतरी जुन्या चिकणमातीमुळे. तिथवर स्तंभ नेणे शक्य नव्हते. त्या मातीच्या अधूनमधून वाळू आणि खडीचे थर आहेत, पण त्यांतले सगळे मोकळेपणाने पाणी सोडत नाहीत, त्यांच्यातच जादा दाब साठून राहतो. पहिले बेट एकूण तेरा मीटरहून अधिक बसले आहे; सुरुवातीच्या मानाने वेग खूप उतरला असून आता तो वर्षाला काही सेंटीमीटर इतका आहे. बसणे अपेक्षितच होते, म्हणून टर्मिनलच्या खांबांखाली जॅक लावून पोलादी पट्ट्या सरकवण्याची सोय आधीच ठेवली होती.

आपल्याकडे आता वाळूच्या स्तंभाऐवजी बहुधा पट्टी वापरतात: दहा सेंटीमीटर रुंद, काही मिलिमीटर जाड, प्लॅस्टिकचा गाभा आणि भोवती गाळणीचे कापड. ही पट्टी पाणी ओढते असा एक गैरसमज आहे. ती काहीही ओढत नाही, फक्त वाट आखूड करते. पाणी ढकलायला वरचा भार लागतोच. आपल्या उदाहरणात १.२ मीटर अंतराने पट्ट्या रोवल्या आणि आडव्या दिशेने पाणी दीडपट सहज वाहते असे धरले, तर नव्वद टक्क्यांना सुमारे आठ महिने लागतात. पट्टी रोवताना भोवतीची माती चिरडली जाऊन तिचा निचरा मंदावतो, म्हणून प्रत्यक्षात आठाचे दहा-बारा होऊ शकतात.

हे काम झाले की नाही, हे कळते कसे? भराव टाकण्यापूर्वी जमिनीवर लोखंडी प्लेट ठेवून तिला उभी सळी जोडतात आणि सळीच्या डोक्याची पातळी मोजत राहतात. समजा भार पूर्ण झाल्यापासून दर महिन्याची बेरीज १५, २६.२, ३४.७, ४१ आणि ४५.८ सेंटीमीटर आली. महिन्यागणिक वाढ पाहा: ११.२, ८.५, ६.३, ४.८. प्रत्येक वाढ आधीच्या वाढीच्या साधारण तीनचतुर्थांश आहे. म्हणजे ही शाळेत शिकलेली भूमितीय श्रेढी आहे, आणि पुढे येणाऱ्या सगळ्या वाढींची बेरीज शेवटच्या वाढीच्या तिप्पट, १४.४ सेंटीमीटर. एकूण ६०. पाचव्या महिन्यात ४५.८, म्हणून ७६ टक्के. हीच कल्पना आलेखावर मांडण्याची पद्धत जपानच्या आसाओका यांनी १९७८ मध्ये दिली आणि ती जगभर वापरली जाते. मात्र मधेच भराव वाढवला तर हे गुणोत्तर मोडते आणि मोजणी नव्याने सुरू करावी लागते.

टक्केवारी ही संपूर्ण थराची सरासरी असते, हेही विसरता कामा नये. पट्ट्या नसलेल्या थरात बसणे ५० टक्के झाले तेव्हा वाटेच्या टोकाला, म्हणजे बाहेर पडायच्या जागेपासून सर्वांत दूर, जादा दाबाचा सुमारे ७८ टक्के भाग अजून तसाच असतो. गाठोडे बाहेरून कोरडे झाले तरी मध्ये बोट घातले की दही लागते, तसेच. त्यामुळे प्लेटचा आकडा ५० टक्के म्हणतो आणि थराच्या मध्यावर पुरलेला, पाण्याचा दाब मोजणारा पिझोमीटर जेमतेम २२ टक्के दाब उतरल्याचे दाखवतो, तेव्हा दोघेही खरे बोलत असू शकतात. दाब पूर्ण उतरल्यावरही कण सरकत राहून जमीन थोडी थोडी बसते. ते या सूत्रात येत नाही आणि त्याचा हिशेब वेगळा धरावा लागतो.

प्रत्यक्ष साइटवर मात्र या सगळ्यापेक्षा सळीच जास्त दगा देते. भराव चढत जातो तशी तिला वर नवी सळी जोडतात. एका कामावर जोडलेल्या दीड मीटरची नोंद वहीत झालीच नव्हती आणि पुढच्या महिन्याच्या तक्त्यात जमीन दीड मीटर वर आलेली दिसत होती. शेजारच्या प्लेटच्या सळीला डंपरने वाकवले होते, त्यामुळे ताडून पाहायलाही काही उरले नव्हते.