लेथ की व्हीएमसी? वीस लाखांच्या एका प्रश्नाची तीन उत्तरं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एक जॉबवर्क करणारा कारखानदार आहे असं समजू. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग करून द्यायचं, हा त्याचा धंदा. हाताशी 20 लाख रुपये आहेत आणि मशीन एकच घेता येणार आहे. एक पर्याय सीएनसी लेथचा, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या कातयंत्राचा. त्यावर करायच्या बुशिंगचं काम आजच तयार आहे, पण ते इंजिनच्या जुन्या मॉडेलचं आहे आणि दरवर्षी घटत जाणार. दुसरा पर्याय व्हीएमसीचा, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या मशीनिंग सेंटरचा. त्यावरच्या कामासाठी आधी नमुने पाठवायचे, ग्राहकाची मंजुरी मिळवायची, मग हळूहळू ऑर्डर वाढणार.

पाच वर्षांत हातात येणारी रोकड लाखांत मांडली तर लेथची 10, 8, 6, 4 आणि 2 अशी होते. व्हीएमसीची 3, 5, 7, 10 आणि 12. शेवटच्या 12 लाखांत मशीन विकून येणारे पैसेही धरले आहेत. हे आकडे नफ्याचे नाहीत, रोकडीचे आहेत. यातून कर वजा केला आहे, पण घसारा केलेला नाही, कारण घसाऱ्याचे पैसे कुणाला द्यावे लागत नाहीत. त्याने फक्त कर कमी होतो. कर्जाचं व्याजही वजा केलेलं नाही, आणि इथेच अनेकांची गल्लत होते. व्याजाचा हिशेब पुढे रोकडीची आजची किंमत काढायच्या दरात येणारच असतो. इथेही कापलं तर तेच व्याज दोनदा कापलं जातं.

पेबॅक, म्हणजे परतफेडीचा कालावधी, तोंडी निघतो. लेथचे दोन वर्षांत 18 लाख सुटतात, उरलेले 2 लाख तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या चार महिन्यांत. पैसे वसूल व्हायला 2 वर्षं 4 महिने. व्हीएमसीला साडेतीन वर्षं लागतात. लेथ पुढे.

निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, वेगळं सांगतं. या कारखानदाराला पैसा 12 टक्क्यांना पडतो असं धरू. आज 6.81 लाख रुपये 12 टक्क्यांनी गुंतवले तर पाच वर्षांनी त्यांचे 12 लाख होतात. म्हणून पाचव्या वर्षी येणाऱ्या 12 लाखांची आजची किंमत 6.81 लाख. प्रत्येक वर्षाच्या रोकडीची अशी किंमत काढून बेरीज केली की लेथची 23.25 लाख भरते आणि व्हीएमसीची 24.81 लाख. त्यातून 20 लाख गेले की लेथचं एनपीव्ही 3.25 लाख, व्हीएमसीचं 4.81 लाख. म्हणजे व्हीएमसी दीड लाखाने सरस.

आता अंतर्गत परतावा दर, म्हणजे आयआरआर. ज्या दराने एनपीव्ही बरोबर शून्य होतं, तो हा दर. लेथचा 20.3 टक्के, व्हीएमसीचा 19.4 टक्के. पुन्हा लेथ पुढे!

एक्सेलवर हे काम दोन ओळींचं आहे. B1 मध्ये -20 आणि B2 ते B6 मध्ये पाच वर्षांची रोकड घालायची:

```
=NPV(12%,B2:B6)+B1
=IRR(B1:B6)
```

पहिल्या ओळीत B1 कंसाबाहेर आहे, तो मुद्दाम. एक्सेलचं हे सूत्र कंसातला पहिला आकडा वर्षअखेरीचा मानतं. आजच दिलेले 20 लाख आत टाकले तर व्हीएमसीचं उत्तर 4.81 ऐवजी 4.30 येतं, आणि ते इतकं जवळचं असतं की शंकाही येत नाही.

पण टक्के जास्त असलेलं मशीन रुपयांत मागे कसं पडलं? त्यासाठी प्रत्येक मशीनमध्ये दरवर्षी किती पैसा अडकलेला राहतो ते पाहावं लागतं. मशीनने मालकाकडून 20 लाख उसने घेतलेत आणि स्वतःच्या आयआरआरने ते व्याज देतंय, असा हिशेब मांडू. लेथच्या 20 लाखांवर पहिल्या वर्षी 4.05 लाख व्याज चढतं, 10 लाख परत येतात, बाकी राहते 14.05 लाख. दुसऱ्या वर्षाअखेर ती 8.9 लाखांवर येते, तिसऱ्या वर्षाअखेर 4.7 लाखांवर. व्हीएमसीचं पाहा. पहिल्या वर्षाचे 3 लाख व्याजालाही पुरत नाहीत, म्हणून बाकी वाढून 20.9 लाख होते. तीन वर्षांनंतरही 16.8 लाख अडकलेले असतात.

म्हणजे लेथ 20.3 टक्के देतं ते भराभर आटत जाणाऱ्या रकमेवर. व्हीएमसी थोडा कमी दर देतं, पण मोठ्या रकमेवर आणि जास्त काळ. आयआरआर हा दर सांगतो, रक्कम सांगत नाही. लेथमधून लवकर सुटलेले पैसे पुढे कुठे लागणार, हेही तो सांगत नाही, आणि सगळं घोडं तिथेच अडतं. ते पैसे पुन्हा 20 टक्क्यांच्या कामात लागणार असतील तर लेथच घ्यावं. ते 12 टक्क्यांचं कर्ज फेडण्यातच जाणार असतील तर व्हीएमसी बरं.

ही सीमारेषा नेमकी कुठे, तेही काढता येतं. लेथ सोडून व्हीएमसी घेणं म्हणजे पहिल्या वर्षी 7 आणि दुसऱ्या वर्षी 3 लाख सोडायचे, आणि पुढच्या तीन वर्षांत 1, 6 आणि 10 लाख जास्त घ्यायचे. या फरकाचा आयआरआर निघतो जवळपास 18 टक्के. पैसा 18 टक्क्यांच्या आत पडत असेल तर व्हीएमसी, त्याहून महाग असेल तर लेथ. अमेरिकी अर्थतज्ज्ञ आयर्विंग फिशर यांच्या नावाने या दराला फिशर दर म्हणतात. माझ्या मते दोन मशीनचे आयआरआर शेजारी ठेवून बघण्यापेक्षा हा एक आकडा काढणं जास्त कामाचं.

मग पेबॅक टाकाऊ का? वसुलीनंतरचे पैसे ते मोजतच नाही, हा दोष खराच. तरी वित्ताचे अभ्यासक जॉन ग्रॅहॅम आणि कॅम्पबेल हार्वी यांनी 392 वित्तप्रमुखांची जी पाहणी 2001 मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात निम्म्याहून अधिक जण पेबॅक वापरताना आढळले. त्यामागचं कारण आपल्या उदाहरणातही दिसतं. 20 लाख 12 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतले तर हप्ता महिन्याला सुमारे 44,500 रुपये, वर्षाला 5.34 लाख. व्हीएमसी पहिल्या वर्षी देतं 3 लाख, दुसऱ्या वर्षी 5. दोन वर्षांत पावणेतीन लाखांच्या आसपास तूट, आणि ती कारखान्याच्या इतर कामातून भरायची. एनपीव्हीला ही ओढाताण दिसत नाही. पेबॅकला निदान तिचा वास येतो.

दुसरी गोष्ट अंदाजांची. लेथचे मोठे आकडे लगेचच्या दोन वर्षांतले आहेत, काम समोर आहे. व्हीएमसीचे मोठे आकडे चौथ्या-पाचव्या वर्षातले. त्या दोन वर्षांची रोकड अंदाजापेक्षा 10 टक्के कमी आली तरी व्हीएमसीचं एनपीव्ही 3.5 लाख राहतं, लेथच्या किंचित वर. 15 टक्के कमी आली की ते 2.84 लाखांवर येतं आणि लेथ पुढे जातं. तोल जातो साधारण 12 टक्क्यांना. मशीनिंगच्या धंद्यात चार वर्षांनंतरचा अंदाज एवढा चुकणं अजिबात नवलाचं नाही. म्हणून ग्राहकाकडून पुढच्या ऑर्डरचं काही लेखी मिळत असेल आणि बँक सुरुवातीच्या हप्त्यांना सवलत देत असेल, तर मी व्हीएमसी घेईन. दोन्ही नसेल तर लेथ.