आंशिक मोलर राशी आणि रासायनिक विभव

तापमान, दाब आणि इतर घटकांचे प्रमाण कायम ठेवून मिश्रणात एखाद्या घटकाचा एक मोल वाढवला, तर मिश्रणाच्या आकारमानात किंवा ऊर्जेत जी भर पडते, तिला त्या घटकाची आंशिक मोलर राशी म्हणतात. मात्र मिश्रण इतके मोठे धरायचे की एका मोलने त्याचे संघटन बदलू नये.

२५° से. तापमानाला ५०० ग्रॅम पाण्याचे आकारमान सुमारे ५०१ मिलि., तर ५०० ग्रॅम इथेनॉलचे सुमारे ६३७ मिलि. भरते. दोन्ही एकत्र केल्यावर मात्र ११३८ ऐवजी सुमारे १०९९ मिलि. मिळतात. मिसळताना द्रव गरम होतो आणि त्यात बुडबुडे दिसतात, म्हणून पुन्हा २५° ला आल्यावरच मोजायचे. घाई केली तर प्रसरणामुळे घट कमी दिसते.

शुद्ध पाण्यात पाण्याचा एक मोल १८.१ मिलि. भर घालतो. वरच्या मिश्रणात तोच १७.४ मिलि. आणि जवळजवळ शुद्ध इथेनॉलमध्ये सुमारे १४ मिलि. भर घालतो. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांमुळे एकमेकांभोवती बरीच मोकळी जागा राखून असतात. भोवती इथेनॉल आले की ही रचना टिकत नाही. मिश्रणात इथेनॉलचे आंशिक मोलर आकारमान ५६.८ मिलि. असते. पाणी २७.७५ मोल आणि इथेनॉल १०.८५ मोल आहे, म्हणून

V = n₁V₁ + n₂V₂ = २७.७५ × १७.४ + १०.८५ × ५६.८ ≈ १०९९ मिलि.

१७.४ मिलि. म्हणजे पाण्याच्या रेणूंनी व्यापलेली जागा, असे समजण्याची चूक नवख्यांकडून हमखास होते. ही फक्त एकूण आकारमानातली भर आहे आणि ती ऋणही असू शकते: अतिविरल द्रावणात मॅग्नेशियम सल्फेट विरघळवले की एकूण आकारमान किंचित घटते.

आकारमानाच्या जागी गिब्ज मुक्त ऊर्जा घेतली की मिळणारी आंशिक मोलर राशी म्हणजे रासायनिक विभव, μ. ही संकल्पना जे. विलार्ड गिब्ज यांनी १८७० च्या दशकात मांडली. पदार्थ जास्त विभवाकडून कमी विभवाकडे जातो. दोन्हीकडे विभव सारखा झाला की समतोल येतो. आदर्श मिश्रणात

μ = μ* + RT ln x

येथे μ* हा शुद्ध द्रवाचा विभव, R हा वायू स्थिरांक, T हे निरपेक्ष तापमान आणि x हा मोल-अपूर्णांक. समान मोल मिसळल्यास x = ०.५, म्हणून २५° ला प्रत्येक घटकाचा विभव मोलमागे सुमारे १.७ किलोज्यूलने उतरतो. शुद्ध द्रवापेक्षा विभव खाली आल्यामुळेच मिश्रण आपोआप होते.

पाणी-इथेनॉल जोडी आदर्श नाही. येथे x ऐवजी सक्रियता, म्हणजे घटकाच्या प्रत्यक्ष वागण्याशी जुळवलेला परिणामी मोल-अपूर्णांक, वापरावी लागते. हे बाष्पदाबावरून कळते. बंद भांड्यात समतोल असताना प्रत्येक घटकाचा विभव द्रवात आणि बाष्पात सारखाच असतो. या मिश्रणावरील बाष्पदाब मोल-अपूर्णांकावरून काढलेल्या दाबापेक्षा जास्त भरतो, म्हणजे विभव सूत्राइतका खाली गेलेला नसतो.