डिसकॅल्क्युलिया : निदानाच्या निकषांपासून संख्यारेषेपर्यंत

मेंदूला इजा झाल्यावर बोलणे-वाचणे शाबूत राहते आणि फक्त हिशेब जातो, अशा प्रौढ रुग्णांच्या नोंदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहेत. पण जे मूल कधी हिशेब शिकलेच नाही, त्याचे काय? हा प्रश्न वैद्यकाच्या टेबलावर नीटपणे यायला 1974 साल उजाडले. त्या वर्षी एका चेकोस्लोव्हाक मानसशास्त्रज्ञाने विकासात्मक डिसकॅल्क्युलियाची, म्हणजे लहानपणापासून संख्या आणि हिशेब शिकण्यातच येणाऱ्या अडचणीची, व्याख्या मांडली. ब्रातिस्लाव्हातील अकरा वर्षांच्या आसपासच्या मुलांची तपासणी करून त्याने सुमारे 6 टक्के मुलांमध्ये ही अडचण असल्याचे सांगितले. नंतरच्या बहुतेक अभ्यासांतले आकडेही 3 ते 7 टक्क्यांच्या आसपासच आहेत, म्हणजे तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात एक किंवा दोन.

त्या व्याख्येत एक अट होती. गणिताची क्षमता जन्मतः कमी हवी, पण बाकीच्या मानसिक क्षमता शाबूत हव्यात. अट वाचायला सरळ वाटते आणि हेतूही समजण्यासारखा होता. ज्या मुलाला सगळेच शिकणे जड जाते त्याच्यापासून फक्त गणितात अडणारे मूल वेगळे ओळखायचे होते. पण पुढची तीस-चाळीस वर्षे या एका अटीने किती मुलांना मदत मिळेल आणि कधी मिळेल, हे ठरवले.

अमेरिकेत 1975 मध्ये विशेष शिक्षणाचा कायदा झाला आणि 1977 च्या नियमांत या अटीला मोजपट्टी मिळाली. मुलाची बौद्धिक क्षमता आणि त्याची विषयातली प्रत्यक्ष कामगिरी यांत ‘तीव्र तफावत’ असेल, तरच ती अध्ययन अक्षमता. प्रत्यक्षात याचा अर्थ बुद्ध्यांकातून गणिताच्या चाचणीचे गुण वजा करायचे आणि फरक ठरावीक आकड्यापेक्षा मोठा आहे का ते पाहायचे. 1980 आणि 1994 साली निघालेल्या मानसविकारांच्या वर्गीकरण-पुस्तिकांनीही हीच चौकट ठेवली. अडचणीचे नाव मात्र आवृत्तीगणिक बदलत गेले.

दोन मुले घेऊ. दोघांच्याही गणिताच्या चाचणीचे प्रमाणित गुण 78, म्हणजे आपल्या वयाच्या शंभरातली साधारण 93 मुले त्यांच्या पुढे. एकाचा बुद्ध्यांक 105, दुसऱ्याचा 88. पहिल्याची तफावत 27, दुसऱ्याची 10. पहिल्याला निदान मिळते, दुसऱ्याला ‘थोडा मंद आहे, सराव वाढवा’ एवढेच. दोघेही बेरीज बोटांवर करतात, दोघांनाही 8 मोठा की 6 हे सांगायला विचार करावा लागतो आणि दोघांनाही लागणारी शिकवणी एकच असते. बुद्ध्यांकाच्या आकड्यावरून कोणत्या मुलाला कसे शिकवावे याबद्दल शिक्षकाला काहीही कळत नाही. तरीही दार उघडायचे की नाही, हे तोच आकडा ठरवत होता.

दुसरा दोष याहून मोठा होता. पहिली-दुसरीच्या चाचण्यांत प्रश्नच इतके थोडे आणि सोपे असतात की अडणारे मूलही बोटांवर मोजून त्यातले बरेचसे सोडवते. तफावत दिसण्याइतकी रुंद व्हायला तिसरी-चौथी यावी लागते. तोवर हातच्याची वजाबाकी, पाढे आणि भागाकार येऊन गेलेले असतात आणि मुलाने गणिताच्या तासाला गप्प बसायला शिकून घेतलेले असते. मूल आधी नापास व्हावे आणि मग मदत मिळावी, अशी ही रचना होती. निदानाच्या संपूर्ण इतिहासात मुलांचे सर्वांत जास्त नुकसान या एका निर्णयाने केले, असे माझे मत आहे.

2004 मध्ये अमेरिकेच्या सुधारित कायद्याने शाळांवरची तफावतीची सक्ती काढली. 2013 च्या वर्गीकरण-पुस्तिकेने तर निकष मुळापासून बदलले. आता मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या बुद्ध्यांकाशी होत नाही, त्याच्या वयाच्या मुलांशी होते. त्या अडचणीवर नेमकी मदत देऊनही ती किमान सहा महिने टिकून राहिली पाहिजे, ही नवी अट आली. बौद्धिक अक्षमता, दृष्टी किंवा श्रवणातला दोष आणि अपुरे शिक्षण ही कारणे आधी बाजूला काढावी लागतात. वाचन, लेखन आणि गणित हे तिन्ही एकाच छत्राखाली आले आणि ‘डिसकॅल्क्युलिया’ हा शब्द पर्यायी संज्ञा म्हणून उरला. म्हणूनच आज एकाच मुलाच्या दोन अहवालांत दोन वेगळी नावे दिसतात. पालकांनी त्यावरून गोंधळून जायचे कारण नाही, पण अहवाल कोणत्या निकषांवर लिहिला आहे हे जरूर विचारावे.

निकषांचा वाद चालू असतानाच संशोधन वेगळ्या प्रश्नाकडे वळले होते : या मुलांचे नेमके काय अडते? दोन-तीन ठिपके न मोजता ओळखण्याची आणि दोन ढिगांतला फरक अंदाजाने ओळखण्याची क्षमता तान्ह्या बाळांतही असते, असे 1980 पासून झालेल्या प्रयोगांनी दाखवले. 1990 च्या दशकात ‘संख्याबोध’ हा शब्द रूढ झाला. साहजिकच पहिला तर्क असा निघाला की डिसकॅल्क्युलियात ही मुळातली जाणच कच्ची असते. 2010 मधल्या एका अभ्यासाने त्याला बळ दिले. ठिपक्यांच्या ढिगांची तुलना करण्यात दहा वर्षांची डिसकॅल्क्युलिया असलेली मुले साधारण पाच वर्षांच्या मुलांइतकीच अचूक होती.

पण 2007 मध्येच एका बेल्जियन अभ्यासाने दुसरे चित्र दाखवले होते. त्यातल्या मुलांना ठिपक्यांची तुलना जमत होती. लिहिलेल्या अंकांची तुलना करताना मात्र ती मागे पडत होती. म्हणजे राशीची, वस्तू किती आहेत याची, जाण आहे आणि ‘7’ हे चिन्हही ओळखीचे आहे, पण चिन्ह पाहिल्यावर ती रास आपोआप मनात येत नाही. वाद अजून मिटलेला नाही आणि दोन्ही प्रकारची मुले असतात असे मानायला जागा आहे. शिकवण्याच्या बाजूने मात्र कल स्पष्ट आहे. ठिपक्यांच्या तुलनेचा सराव देणाऱ्या संगणकीय खेळांनी मुले तुलनेत तरबेज झाली, बेरीज-वजाबाकीवर त्याचा परिणाम फारसा दिसला नाही. ज्या शिकवणीत रास, शब्द आणि अंक दर वेळी एकत्र येतात, तिच्याकडून अधिक आशा ठेवता येते.

हे वर्गात कसे दिसते, ते तिसरीतल्या एका मुलीवरून पाहू. 7 + 3 ला ती 9 लिहिते. 8 + 5 ला 12. दोन्ही उत्तरे एकाने कमी. निष्काळजीपणा म्हणून सोडून देण्याआधी तिला मोठ्याने करायला सांगावे. ती म्हणते, ‘सात, आठ, नऊ,’ आणि प्रत्येक शब्दाला एक बोट उघडते. तीन बोटे झाली, म्हणून उत्तर नऊ. तिच्यासाठी सात ही सात वस्तूंची रास नाही, ओळीतला एक शब्द आहे. त्यामुळे मोजणी तिथूनच सुरू होते. संख्यारेषेवरही तेच होते. ती 7 च्या खुणेलाच ‘एक’ म्हणते. उत्तरे सातत्याने एकाने चुकत असतील, तर शंभर गणिते लिहून घेतल्याने ही चूक आणखी पक्की होते.

तिच्याबरोबर पहिले काम दहाच्या आतच करायचे. सात मणी एका रांगेत ठेवायचे, पाच लाल आणि दोन पांढरे, म्हणजे न मोजता ‘पाच आणि दोन’ दिसतील. शेजारी 7 चे कार्ड. मग मणी हाताखाली झाकायचे आणि विचारायचे, ‘हाताखाली किती?’ तिने सात म्हटले की पुढचा मणी ठेवताना ‘आठ’ म्हणायचे. झाकलेले मणी पुन्हा एकेक मोजावेसे वाटले तर मोजू द्यावे. ते वाटणे हळूहळू थांबते आणि ते थांबणे हीच प्रगतीची खूण. मग दहाचे जोड : 8 ला दहा व्हायला किती हवेत? दोन. हे पक्के झाल्यावरच 8 + 5. पाचातले दोन आठाकडे सरकवायचे, दहा झाले, तीन उरले, तेरा. आधी मण्यांनी, नंतर चौकटीत काढलेल्या ठिपक्यांनी आणि शेवटी फक्त अंकांनी. मणी फार लवकर काढून घेतले की मूल उत्तर पाठ करते आणि 9 + 5 ला पुन्हा बोटांकडे वळते.

दुसरे काम रेषेवर. 2008 मध्ये अमेरिकेत गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांवर एक साधा प्रयोग झाला. 1 ते 10 घरांचा सरळ पट आणि एक किंवा दोन दाखवणारी चकती. मूल 4 वर असेल आणि दोन आले, तर त्याने ‘एक, दोन’ म्हणायचे नाही, घरातले अंक वाचत ‘पाच, सहा’ म्हणायचे. पंधरा-वीस मिनिटांचे चार खेळ, काही आठवड्यांत. रिकाम्या रेषेवर अंक कुठे येतो हे सांगण्यात आणि अंकांची तुलना करण्यात मुले सुधारली आणि दोन महिन्यांनंतरही ती सुधारणा टिकली. घरांवर अंकांऐवजी रंग असलेल्या पटावर खेळलेल्या मुलांत असे झाले नाही. पुढे गोल पटही करून पाहिला, त्याचा फायदा सरळ पटाइतका नव्हता. ही मुले डिसकॅल्क्युलियाची नव्हती, हे लक्षात ठेवायला हवे. पण वरच्या मुलीची नेमकी चूक हाच नियम पकडतो : उभे असलेले घर मोजायचे नाही, पुढच्या घराचे नाव घ्यायचे.

याने सगळे भरून निघत नाही. अशा मुलांपैकी अनेकांना बेरजेमागची युक्ती समजते, पण 6 × 7 सारखी तयार उत्तरे वेगाने आठवणे मोठेपणीही कठीण जाते. त्यामुळे जास्त वेळ किंवा पाढ्यांचा तक्ता देणे म्हणजे सवलतीची खैरात नव्हे. आणि 2013 च्या निकषांतली सहा महिन्यांची अट शिक्षकावर एक काम टाकते : काय शिकवले, कोणत्या साधनाने, किती दिवस आणि मुलाने उत्तर कसे काढले, याची तारखेनिशी वही. ‘8 + 5 = 12’ एवढ्या नोंदीचा तपासणाऱ्याला फारसा उपयोग नाही. ‘आठपासूनच मोजायला सुरुवात केली, मणी झाकल्यावर 13’ या नोंदीचा आहे.