छप्पर आणि अंगणातून पावसाचं किती पाणी येईल? पन्हळ आणि पाइप घेण्याआधीचा हिशेब

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक आधी पाइपाचा व्यास विचारतात. खरं तर आधी पाणी किती येणार ते काढायचं आणि मग पाइप ठरवायचा. हा हिशेब घरबसल्या करता येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं, आणि बाकीचं सगळं यावरच उभं आहे.

प्रवाह (लिटर प्रति सेकंद) = गुणांक × तीव्रता (मिलिमीटर प्रति तास) × क्षेत्रफळ (चौरस मीटर) ÷ ३६००

क्षेत्रफळ म्हणजे छपराची वरून दिसणारी लांबी-रुंदी, वळचणीसकट. उतरत्या पत्र्याची तिरकी लांबी धरू नका, कारण पत्रा उतरता केला म्हणून त्याच्यावर जास्त पाऊस पडत नाही. मात्र छपराला लागून उंच भिंत असेल तर वाऱ्याने तिच्यावर आपटलेलं पाणीही खाली येतं. त्यासाठी भिंतीचं निम्मं क्षेत्रफळ मिळवण्याची पद्धत आहे.

अपवाह गुणांक म्हणजे पडलेल्या पाण्यापैकी वाहून जाणारा हिस्सा. पत्रा, स्लॅब आणि काँक्रीटला आम्ही ०.९ धरतो. गवत किंवा मोकळ्या मातीला सपाट जागेत ०.२५ चालतो. पण सलग चार दिवस पावसात भिजलेली चिकणमाती पाणी पीत नाही, तेव्हा तिथे ०.५ धरलेलं बरं.

तीव्रता हा सगळ्यात जास्त चुकणारा आकडा. बातम्यांत ‘दिवसभरात १२० मिलिमीटर’ ऐकून लोक त्याला चोवीसने भागतात आणि तासाला ५ मिलिमीटर धरून मोकळे होतात. पाऊस असा समान वाटून पडत नाही. शिवाय छपराच्या लांबच्या कोपऱ्यातलं पाणी पाइपापर्यंत पोचायला दोन-चार मिनिटंच लागतात, म्हणजे पाच-दहा मिनिटांची जोरदार सर आली तरी अख्ख्या छपराचं पाणी एकाच वेळी पाइपाच्या तोंडाशी येतं. म्हणून आकडा हवा तो अशा छोट्या सरीचा, तासाच्या दरात मांडलेला. हवामान खात्याच्या नोंदींवरून केलेले तीव्रता-कालावधी-वारंवारता तक्ते असतात. त्यात दहा मिनिटांचा रकाना बघा आणि किती वर्षांतून एकदा पन्हळ भरून वाहिली तर चालेल ते ठरवा. बाहेरच्या वळचणीला दहा वर्षांतून एकदा आम्हाला पुरेसं वाटतं. दोन छपरांच्या मधल्या पन्हळीला नाही, कारण ती भरली की पाणी घरात येतं.

आता एक उदाहरण. छप्पर १२ × ८, म्हणजे ९६ चौरस मीटर. अंगणात ६० चौरस मीटर काँक्रीट आणि ९० चौरस मीटर गवत. तीव्रता तासाला १२० मिलिमीटर. छपराचे ०.९ × १२० × ९६ ÷ ३६०० = २.८८ लिटर प्रति सेकंद. त्याच रीतीने काँक्रीटचे १.८ आणि गवताचे ०.७५. सगळं एकाच चेंबरमध्ये येत असेल तर तिथून पुढच्या पाइपाला ५.४३ लिटर प्रति सेकंद वाहून न्यावं लागेल. ‘तासाला ५’ धरणाऱ्याचं उत्तर याच्या चोविसाव्या भागाइतकं, म्हणजे सुमारे ०.२३ येतं.

दोन वर्षांनी गाडी लावायला गवतावरही काँक्रीट टाकलं तर ०.७५ चे २.७ होतात आणि एकूण प्रवाह ७.३८ वर जातो. पाऊस तोच, छप्पर तेच, पण चेंबर तुंबायला लागतो आणि दोष पाइपाला लागतो. असा विचार पुढेमागे असेल तर आत्ताच सांगा.

हिशेब जुळतो का ते पावसात पडताळता येतं. सरळ कडांचं भांडं दहा मिनिटं उघड्यावर ठेवा. १५ मिलिमीटर पाणी जमलं तर तीव्रता तासाला ९० झाली. वरच्या छपराला दोन उभे पाइप असतील आणि पाणी दोन्हींत सारखं वाटलं जात असेल, तर सर त्याच जोरात चालू असताना एका पाइपाखाली १० लिटरची बादली साधारण ९ सेकंदांत भरायला हवी. पंधरा सेकंद लागले आणि पन्हळ काठावरून सांडत असली तर बहुधा पाइपाच्या तोंडाशी पाला अडकलाय. पन्हळ सांडत नसेल तर तिचा उताराचा कल बघा, पाणी दुसऱ्या पाइपाकडे पळत असेल.

टाकी भरण्याचा हिशेब मात्र वेगळा. तिथे तीव्रता लागत नाही, एकूण पाऊस लागतो: ४० मिलिमीटर × ९६ × ०.९ म्हणजे सुमारे ३,४५० लिटर. आणि हे सूत्र घर, अंगण, छोटी वसाहत एवढ्यापुरतंच वापरा. मोठ्या ओढ्यानाल्याच्या पाणलोटात सगळीकडे एकसारखा पाऊस धरता येत नाही.

दरपत्रक मागताना जागेची मापं, कुठे कोणता पृष्ठभाग आहे आणि पाणी कुठे सोडायचं आहे, एवढं कागदावर काढून आणा. उंच भिंती असतील तर त्यांची उंचीही लिहा.