रीड बेड : वसतिगृहाच्या सांडपाण्यासाठी (गोवा)

खडीने भरलेला, तळ आणि बाजू पाणबंद केलेला, वर नळ नावाचे उंच पाणगवत, पाणकणीस किंवा कर्दळ लावलेला उथळ वाफा म्हणजे रीड बेड. न्हाणी, बेसिन आणि कपडे धुण्याच्या जागेतले सांडपाणी वाफ्याच्या एका टोकाला सोडतात. ते खडीच्या आतून, पृष्ठभागाच्या खालून आडवे वाहत दुसऱ्या टोकाला बाहेर पडते. वाटेत खडीवर धरलेल्या जिवाणूंच्या थराला त्यातली सेंद्रिय घाण खायला मिळते. उघडे पाणी कुठेच नसल्याने डास होत नाहीत आणि वाफा नीट चालत असेल तर वासही येत नाही. शौचालयाचे मैलापाणी यात येत नाही. ते सेप्टिक टँककडे वेगळे जाते. पुढील विवेचन फक्त सांडपाण्याचे आहे.

या पद्धतीचा उगम जर्मनीतला. क्याथे झायडेल यांनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींवर प्रयोग केले आणि राइनहोल्ड किकुथ यांच्या मांडणीनुसार १९७४ मध्ये ओथफ्रेझेन येथे पहिला मोठा वाफा सुरू झाला. किकुथ मातीच वापरत. मुळे वाढली की मातीत वाटा तयार होतील आणि पाणी मोकळे वाहील, असा त्यांचा भरवसा होता. प्रत्यक्षात १९८० च्या दशकात डेन्मार्क आणि जर्मनीतल्या अनेक मातीच्या वाफ्यांत पाणी वरूनच वाहू लागले. मुळे मातीला तेवढी मोकळी करत नाहीत, हे कळल्यावर इंग्लंडमध्ये धुतलेली खडी वापरण्याकडे कल गेला आणि आज तीच रीत रूढ आहे. भारतात नागपूरच्या नीरी या संस्थेने याच जातीची ‘फायटोरिड’ पद्धत विकसित केली. चोंदणे हा या पद्धतीचा जन्मापासूनचा आजार आहे, आणि वाफ्याची लांबी-रुंदी ठरवतानाच त्याचा निम्मा बंदोबस्त करावा लागतो.

किती जागा लागते

उदाहरणादाखल फोंडा तालुक्यातले ६० विद्यार्थ्यांचे वसतिगृह घेऊ. आंघोळ, हात-तोंड धुणे आणि कपडे मिळून माणशी रोज ८० लिटर सांडपाणी धरले तर ४,८०० लिटर होते. हिशेबाला ५ घनमीटर घ्यावे. पाण्यातली घाण बीओडी या मापाने मोजतात, म्हणजे ती कुजताना किती प्राणवायू खाईल ते. निवळण टाकीतून आलेल्या अशा पाण्याचा बीओडी लिटरला १५० मिलिग्रॅम आणि बाहेर पडताना तो २५ पर्यंत उतरावा, असे धरू. क्षेत्रफळाचे सूत्र असे आहे :

`A = Q × (ln C0 − ln Ce) ÷ k`

इथे Q म्हणजे रोजचे घनमीटर, C0 आणि Ce म्हणजे आतला आणि बाहेरचा बीओडी. k हा शुद्धीकरणाचा वेग पाणी जितके उबदार तितका जास्त. युरोपात तो दिवसाला सुमारे ०.१ मीटर धरतात. गोव्यात थंडीतही पाणी फारसे गार होत नाही, त्यामुळे ०.१५ धरायला हरकत नाही. दोन लॉगरिथममधला फरक १.७९ येतो, त्याला ५ ने गुणून ०.१५ ने भागले की ६० चौरस मीटर, म्हणजे माणशी १ चौरस मीटर. युरोपात माणशी ५ चौरस मीटरचा दाखला देतात तो मैलापाण्यासकट आणि थंड हवेसाठी आहे. तो इथे जसाच्या तसा लावला तर जागा वाया जाते.

हा हिशेब मेसचे पाणी वेगळे ठेवल्यावरचा आहे. मेसमधून माणशी २० लिटर आले तरी एकूण १,२०० लिटरच होतात. पण पेज, खोबरेल, माशांच्या कालवणाचा तवंग आणि खरकटे यांमुळे त्याचा बीओडी ६०० सहज असू शकतो. न्हाण्यांच्या पाण्यातून रोज ७५० ग्रॅम भार येतो आणि या थोड्याशा पाण्यातून ७२० ग्रॅम. एक चतुर्थांश पाणी वाढले की घाण जवळजवळ दुप्पट होते. मेसचे पाणी तेलकट तवंग अडवणाऱ्या ग्रीस ट्रॅपमधून काढून स्वतंत्र शोषखड्ड्याकडे किंवा बायोगॅसकडे न्यावे, हे माझे मत. वाफा मोठा करून ते सामावून घेण्याचा मोह टाळलेला बरा.

पाण्याची वाट

६० चौरस मीटर मिळाले म्हणून काम झाले असे नाही. ते कसे बसवायचे, यावर वाफ्याचे आयुष्य ठरते. जागा बहुधा कंपाउंडच्या भिंतीलगत मिळते, म्हणून ३ मीटर रुंद आणि २० मीटर लांब असा चिंचोळा वाफा काढला जातो. नकाशावर तो छान दिसतो. पण सगळे पाणी ज्या तोंडाने आत शिरते त्याची उभी बाजू फक्त ३ मीटर रुंद आणि पाण्याच्या अर्ध्या मीटर खोलीइतकी, म्हणजे दीड चौरस मीटर असते. ७५० ग्रॅमचा भार तिच्यावर पडला की चौरस मीटरला ५०० ग्रॅम होतात. मान्य मर्यादा साधारण २५० ग्रॅमची आहे. त्यापुढे जिवाणूंचा बुळबुळीत थर खडीतल्या पोकळ्या भरू लागतो. तोच वाफा ६ मीटर रुंद आणि १० मीटर लांब केला की तोंड ३ चौरस मीटरचे होते आणि भार बरोबर २५० वर येतो.

दुसरा हिशेब पाण्याच्या उताराचा. धुतलेल्या नव्या खडीतून पाणी अगदी सहज जाते. तिची वहनक्षमता दिवसाला काही हजार मीटर असते. तोंडाजवळ गाळ धरल्यावर ती शंभराच्या घरात येऊ शकते. अख्खा वाफा इतका चोंदला असे वाईटात वाईट धरले, तर ६ × १० च्या वाफ्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाणी ढकलायला सुमारे १७ सेंटिमीटर उंचीचा फरक लागतो. निर्गमाची पातळी खाली केली की तेवढा मिळतो. ३ × २० च्या वाफ्यात हाच फरक चौपट, ६७ सेंटिमीटर होतो. खडीच ६० सेंटिमीटर खोल असताना तो मिळणार कुठून? पाणी खडीवर येऊन वाहू लागते. क्षेत्रफळ दोन्हींचे सारखेच आहे.

म्हणून ६ × १० ची जागा मधल्या भिंतीने ३ × १० च्या दोन समांतर वाफ्यांत विभागावी आणि प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह द्यावा. पाणी आधी निवळण टाकीत येते. टाकी साधारण एका दिवसाच्या पाण्याइतकी, दोन कप्प्यांची असावी, आणि तिच्या निर्गमाला टी लावून पाणी तवंगाखालून व गाळाच्या वरून घ्यावे. फार मोठी टाकी केली तर साबणाचे पाणी आतच सडून वास मारते. टाकीतून पाणी वाफ्याच्या पूर्ण रुंदीभर टाकलेल्या भोकांच्या पाइपात जाते. हा पाइप लेव्हलमध्ये हवा. एका बाजूला जरा कलला तरी सगळे पाणी त्या कोपऱ्यातून जाते आणि उरलेला वाफा नुसता उभा राहतो. पाइपाखाली अर्धा मीटरभर ४० ते ८० मिलिमीटरचे दगड, मग मुख्य भागात १० ते २० मिलिमीटरची खडी आणि शेवटी पुन्हा मोठे दगड. तळाला अर्धा ते एक टक्का उतार द्यावा, वरचा पृष्ठभाग मात्र सपाट ठेवावा. निर्गमाचा भोकांचा पाइप तळाशी असतो आणि बाहेरच्या चेंबरमध्ये त्याला फिरता एल्बो लावतात. एल्बो उभा-आडवा केला की आतली पाण्याची पातळी वरखाली होते. ती पृष्ठभागाखाली ५ ते १० सेंटिमीटर ठेवतात. खडीत सुमारे ३८ टक्के पोकळी धरली तर पाणी आत सव्वादोन दिवस राहते.

गोव्यात खडीबाबत एक मोह असतो : चिरे काढताना पडलेले जांभ्याचे तुकडे जवळच, जवळजवळ फुकट मिळतात. जांभा मऊ असतो, ओलाव्यात झिजून त्याची लाल भुकटी होते आणि ती खडीच्या तळाशी बसते. काळ्या दगडाचीच खडी आणावी, तीही निथळणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुऊन. क्रशरची पूड वाफा सुरू होण्याआधीच पोकळ्या भरते. जांभ्याची जमीन पाणी झरझर पिते आणि विहीर बहुधा उतारावर असते, म्हणून तळाला एचडीपीईची शीट किंवा पाणबंद गिलावा हवाच.

चोंदणे : कारणे, खुणा, उपाय

चोंदणाऱ्या वस्तू दोन जातींच्या असतात आणि त्यांतला फरक ओळखणे फार उपयोगाचे आहे. जिवाणूंचा थर, साबणाची साय आणि कुजणारी पाने ही एक जात; हवा मिळाली की ती वाळते, कुजते आणि निघून जाते. कपड्यांचे कृत्रिम धागे, केस, क्रशरची पूड आणि लाल माती ही दुसरी. ती कधीच जात नाही. त्यामुळे कपडे धुण्याच्या जागेच्या निर्गमावर धाग्यांसाठी बारीक जाळी बसवून ती आठवड्याला साफ करणे, हे वाफ्यावरच्या कुठल्याही दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते. रविवारी सगळे वसतिगृह कपडे धुते, तेव्हा सोमवारी जाळी पाहावी.

लाल मातीचे संकट पावसाळ्यात येते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरात. एका दिवसात १०० मिलिमीटर पडला तर या वाफ्यावर थेट ६ घनमीटर पाणी येते, म्हणजे रोजच्या सांडपाण्याहून जास्त. त्याने पाणी पातळ होते, वाफ्यात कमी वेळ थांबते, पण फारसे बिघडत नाही. बिघडते ते डोंगरउतारावरून आलेल्या गढूळ लोंढ्याने. वाफ्याचा काठ जमिनीपेक्षा १५ ते २० सेंटिमीटर उंच हवा, वरच्या बाजूला पाणी वळवणारे गटार हवे आणि छपराची पन्हळ वाफ्याकडे कधीही सोडू नये.

चोंदणे वर दिसू लागते तेव्हा उशीर झालेला असतो. ते आधी कळावे म्हणून तोंडाजवळ, मध्ये आणि शेवटी भोके पाडलेला एकेक उभा पाइप खडीत पुरून ठेवतात. महिन्यातून एकदा काठी घालून तिन्ही ठिकाणची पाण्याची पातळी मोजून लिहावी. तोंडाजवळची पातळी महिन्यागणिक चढत असेल आणि शेवटची तशीच असेल, तर पहिले दोन-तीन मीटर भरत आले आहेत. नंतरच्या खुणा म्हणजे तोंडाशी साचलेले पाणी, काळा चिखल, कुजक्या अंड्याचा वास आणि तिथेच पिवळा पडलेला नळ. मात्र पाणी साचले म्हणजे वाफा चोंदलाच असे नव्हे. आधी निर्गमाचा एल्बो कोणी वर केला आहे का आणि पाइपात मुळे शिरली आहेत का, हे बघावे.

पहिला उपाय विश्रांतीचा. एका वाफ्याचा व्हॉल्व्ह बंद करून त्यातले पाणी पूर्ण उतरवतात आणि खडी दोनेक आठवडे कोरडी राहू देतात. तोवर सगळा भार दुसऱ्यावर जातो, मर्यादेच्या दुप्पट. थोडे दिवस तो सोसतो. पावसाळ्यात खडी कोरडी होत नाही, म्हणून हे काम डिसेंबर ते मे मध्येच करावे. मेच्या सुट्टीत विद्यार्थी नसल्याने भार आपोआप उतरतो, ती सर्वात सोयीची वेळ. ज्या वाफ्याला विश्रांती नाही त्याचा एल्बो मात्र सुट्टीत वर ठेवावा, नाहीतर थोडेसे येणारे पाणी खाली राहून नळ वाळतो. वाढलेला नळ वर्षातून एकदा कापून वाफ्याबाहेर न्यावा. वर कुजत ठेवला तर त्याचाच गाळ होतो.

बाहेर आलेले पाणी माड, पोफळी आणि केळीच्या मुळाशी पाटाने देता येते. त्यात रोगजंतू कमी झालेले असतात, संपलेले नसतात, त्यामुळे कच्च्या खाण्याच्या भाज्यांना ते वापरू नये.

विश्रांतीनंतरही तोंडाजवळची पातळी उतरली नाही तर तिथे धागे आणि माती बसली आहे. मग त्या वाफ्याची पहिल्या दीड-दोन मीटरची खडी उपसून, चाळून, धुऊन परत भरण्यावाचून गत्यंतर नसते. दोन मीटरांसाठी ३ × २ × ०.६, म्हणजे साडेतीन घनमीटरच्या आसपास खडी निघते. रोपे गड्ड्यांसकट काढून ओल्या गोणपाटात ठेवली तर परत लागतात.