चिलर प्लांटचे कार्यक्षम चालन (मुंबई)

मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनात थंड पाणी तयार करणारे चिलर, त्यांचे पंप आणि गच्चीवरील कूलिंग टॉवर यांना मिळून चिलर प्लांट म्हणतात. एखाद्या वेळी किती चिलर चालवायचे, टॉवरमधून कंडेन्सरकडे, म्हणजे चिलरच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाकडे, परतणारे पाणी किती थंड ठेवायचे आणि कमी भारावर कोणते यंत्र किती वीज खाते, या तीन प्रश्नांची उत्तरे एकत्र काढून सगळ्या प्लांटची वीज कमीत कमी ठेवणे, हा या नोंदीचा विषय आहे. मुंबईत ही तिन्ही उत्तरे वेट बल्बवर, म्हणजे ओले फडके गुंडाळलेल्या तापमापीवर दिसणाऱ्या तापमानावर, ठरतात. टॉवर पाण्याला या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. चांगला टॉवर त्याच्यापेक्षा तीन-चार अंश वर थांबतो.

चिलरचा कॉम्प्रेसर थंड बाजूची उष्णता उपसून गरम बाजूला टाकतो. विहीर जितकी खोल तितका उपसा महाग, तसेच या दोन बाजूंच्या तापमानातले अंतर जितके जास्त तितकी वीज जास्त. या अंतराला प्लांटवर लिफ्ट म्हणतात. कंडेन्सरला येणारे पाणी १ अंशाने थंड झाले की कॉम्प्रेसरची वीज ढोबळमानाने २ ते ३ टक्के वाचते.

चिलर विकताना आयपीएलव्ही नावाचा कमी भारावरच्या कार्यक्षमतेचा आकडा दाखवतात. त्यात १०० टक्के भाराला फक्त १ टक्का वजन असते, तर ७५ टक्के भाराला ४२, ५० टक्क्यांना ४५ आणि २५ टक्क्यांना १२. इथवर ठीक आहे. पण त्याच मोजणीत भार उतरतो तसे कंडेन्सरचे पाणीही २९.४ अंशांवरून २३.९ आणि पुढे १८.३ अंशांपर्यंत उतरते, असे गृहीत धरलेले असते. मुंबईत असे घडत नाही. जुलैत कार्यालय सुटल्यावर भार निम्म्यावर येतो, पण वेट बल्ब २६ अंशांच्या आसपास तसाच राहतो. भार कमी आणि लिफ्ट पूर्ण, ही मुंबईची खरी स्थिती आहे आणि आयपीएलव्हीत ती कुठेच नाही. म्हणून या शहरासाठी चिलर निवडताना उत्पादकाकडून ३०, २७ आणि २४ अंशांच्या स्थिर पाण्यावरचे कमी भाराचे तक्ते मागावेत. मागितल्याशिवाय ते क्वचितच मिळतात.

एक उदाहरण घेऊ. प्लांटमध्ये ५०० टनांचे, वेग बदलू शकणारे तीन सेंट्रिफ्यूगल चिलर आहेत आणि इमारतीचा भार ६०० टन आहे. प्रत्येक चिलरबरोबर ३२ किलोवॅटचा कंडेन्सर पंप आणि १६ किलोवॅटचा थंड पाण्याचा पंप एकाच वेगाने चालतो. जुलैच्या दुपारी वेट बल्ब २६ आणि कंडेन्सरचे पाणी २९ अंश आहे. दोन चिलर चालवले तर प्रत्येकावर ६० टक्के भार येतो आणि टनामागे ०.५८ किलोवॅट लागतात, म्हणजे ३४८ किलोवॅट. पंपांचे ९६ मिळवले की ४४४. तीन चालवले तर प्रत्येकावर ४० टक्के येतात, पण पूर्ण लिफ्टवर इतक्या कमी भाराला कार्यक्षमता घसरते. टनामागे ०.६२ धरले तर ३७२, अधिक पंपांचे १४४, एकूण ५१६. तिसरा चिलर दोन्हीकडून तोट्याचा ठरतो.

जानेवारीच्या संध्याकाळी वेट बल्ब २० आणि पाणी २३ अंशांवर असताना गणित उलटते, पण अर्धेच. आता ४० टक्के भारावर चिलर जास्त चांगला चालतो: टनामागे ०.४६, तर ६० टक्क्यांवर ०.४९. म्हणजे तीन चिलरांना २७६ आणि दोघांना २९४ किलोवॅट लागतात. नुसत्या चिलरच्या पॅनेलकडे पाहणारा ऑपरेटर तिसरा सुरू करून १८ किलोवॅट वाचवल्याचे समाधान मानतो. पंप धरले की तीन चिलरांचे ४२० आणि दोघांचे ३९० होतात. वेग बदलणाऱ्या चिलरना कमी भारावर पसरवून चालवावे हा सल्ला सर्रास दिला जातो. पंपही वेग बदलणारे असतील तरच तो खरा ठरण्याची शक्यता असते.

आता टॉवरच्या पाण्याचे. या तापमानाचा एकच आकडा वर्षभर लावून ठेवणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. आकडा २९ ठेवला तर जुलैत चालून जाते, पण जानेवारीत सहज मिळणारे २३ अंशांचे पाणी पंखे मंदावून मुद्दाम गरम ठेवले जाते. सहा अंशांचा हा फरक कॉम्प्रेसरची सुमारे १५ टक्के वीज खातो. आकडा २४ ठेवला तर जुलैत तो कधीच गाठला जात नाही आणि १५ किलोवॅटचे दोन पंखे रात्रंदिवस पूर्ण वेगाने फिरत राहतात. पंख्याची वीज वेगाच्या घनाने बदलते. तेच पंखे ८० टक्के वेगावर आणले तर ३० ऐवजी साधारण १५ किलोवॅट पुरतात. पाणी ०.७ अंशाने वर गेले तर चिलरचे सहा किलोवॅट वाढतात, तरी आठ-नऊ किलोवॅट पदरात पडतात. म्हणून हा आकडा वेट बल्ब अधिक सुमारे तीन अंश असा सरकता ठेवतात आणि खाली उत्पादकाने दिलेली किमान मर्यादा घालतात. मुंबईत त्या मर्यादेपाशी जाण्याची वेळ फार कमी येते.

सगळी मदार वेट बल्बच्या मोजणीवर असल्याने घोटाळाही तिथेच होतो. बहुतेक प्लांट तापमान आणि आर्द्रता मोजून वेट बल्ब काढतात. पावसाळ्यात आर्द्रतेचा सेन्सर महिनोन्‌महिने भिजून चुकू लागतो. ३० अंशांच्या हवेत ५ टक्के आर्द्रतेची चूक वेट बल्बमध्ये जवळपास पाऊण अंशाची चूक घालते. सेन्सर टॉवरच्या उष्ण ओल्या झोतात बसवला असेल तर आकडा कायम फुगलेला दिसतो. हाताने फिरवायचा ओल्या-कोरड्या तापमापींचा जोड घेऊन सावलीत पडताळून पाहणे हा पाच मिनिटांचा उपाय आहे, आणि तो दर महिन्याला करावा.

पावसाळी रात्रीचा धोका वेगळाच. भार एका चिलरच्या २५-३० टक्क्यांवर येतो, लिफ्ट मात्र दिवसासारखीच राहते, आणि सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसरला सर्ज येतो: वायू पुढे ढकलला न जाता उलटा फिरतो. प्लांटरूममध्ये मोठ्या धापेसारखा आवाज ठरावीक अंतराने येऊ लागतो आणि पॅनेलवरचा अँपिअरचा आकडा वरखाली झुलतो. हे दिसताच टॉवरच्या पाण्याचे तापमान जमेल तितके उतरवावे आणि थंड पाण्याचा आकडा एक-दोन अंश वर न्यावा. दोन्हींमुळे लिफ्ट कमी होते. रात्रीचा भार रोज इतकाच असेल तर लहान स्क्रू चिलर ठेवणे हाच टिकाऊ मार्ग.

चालू चिलर विनाकारण वाढण्यामागे पुष्कळदा इमारतीतले एअर हँडलर, म्हणजे थंड पाण्याच्या कॉइलवरून हवा फिरवून खोल्यांत सोडणारी यंत्रे, असतात. कॉइल मळले किंवा व्हॉल्व्ह उघडेच अडकले की पाणी ५.५ ऐवजी ३.५ अंशांनीच गरम होऊन परतते. तेवढ्याच थंडाव्यासाठी दीडपटीहून जास्त पाणी लागते आणि पाणी पुरवण्यासाठी तिसरा चिलर लावावा लागतो. खूण सोपी आहे: तीन चिलर चालू, पण एकही ४५ टक्क्यांच्या वर नाही. दोष कॉइलचा असताना प्लांटचा क्रम बदलत बसण्यात अर्थ नाही.

खरा भार काढायला ताशी घनमीटर प्रवाहाला तापमानातील फरकाने गुणून ३.०२४ ने भागतात. उत्तर टनांत मिळते. फरक ४ अंशांचा असताना सेन्सरमधली ०.२ अंशाची चूक भारात ५ टक्क्यांची चूक करते. म्हणून कंडेन्सरमधून बाहेर पडणारी उष्णता आणि चिलरने उपसलेली उष्णता अधिक कॉम्प्रेसरची वीज यांची तुलना करतात. दोन्ही बाजू ५ टक्क्यांच्या आत जुळल्या नाहीत तर आधी मापके दुरुस्त करावी लागतात. तोवर टनामागे किती किलोवॅट लागले याचा कोणताही आकडा ग्राह्य धरता येत नाही.