परीक्षकांचा क्रम जुळतो, मग गुण जुळले का?

प्रात्यक्षिक परीक्षेनंतर दोन परीक्षकांचे गुण शेजारी मांडले जातात, सहसंबंध काढला जातो आणि तो १ च्या जवळ आला की ‘दोघांचं एकमत आहे’ असं ठरतं. इथेच घोळ होतो. सहसंबंधातून एवढंच कळतं की एकाने वर ठेवलेले विद्यार्थी दुसऱ्यानेही वर ठेवले. एकमत म्हणजे त्याच कामाला दोघांनी तेच गुण देणं.

टायट्रेशनची २० गुणांची परीक्षा घ्या. श्रेणी चार: १६ ते २०, १२ ते १५, ८ ते ११ आणि त्याखालची. पाच विद्यार्थ्यांना पहिल्या परीक्षकाने १८, १६, १४, १२, ९ दिले. दुसऱ्याने त्यांनाच १५, १३, ११, ९, ६. सहसंबंध पुरता १. पण श्रेणी पाहा: पाचांपैकी एकाचीही जुळत नाही, प्रत्येक जण एक पायरी खाली घसरला. निकाल श्रेणीवर लागत असेल, तर त्या १ चा विद्यार्थ्याला काय उपयोग?

याच्या उलटही घडतं. चौघांना एकाने १३, १४, १३, १४ दिले आणि दुसऱ्याने १४, १३, १४, १३. सहसंबंध उणे १, तरी चौघेही एकाच श्रेणीत. सगळे विद्यार्थी जवळपास सारखे असले की सहसंबंधावर विसंबू नये.

पहिल्या उदाहरणातले तीन गुण गेले कुठे? बहुतेक वेळा श्रेणीच्या वर्णनातच सापडतात. ‘सफाईदारपणे टायट्रेशन करतो’ असं लिहिलं, की एक परीक्षक फक्त शेवटचं उत्तर बघतो आणि दुसरा प्रत्येक हालचाल. त्याऐवजी डोळ्यांना दिसेल ते लिहावं: ब्युरेटचं वाचन डोळ्यांच्या पातळीवर घेतो, अंतिम बिंदूजवळ थेंब-थेंब सोडतो, फ्लास्क सतत फिरवतो, लागोपाठची दोन वाचनं ०.१ मिलिलिटरच्या आत येतात. यावर ‘हो की नाही’ एवढाच प्रश्न उरतो.

मग सगळ्यांना तीन गुण वाढवून दिले तर? दोघांनी तेच विद्यार्थी पाहिले असतील तर निदान फरक किती, हे कळतं. प्रत्यक्षात मात्र बॅच वाटून घेतात. दुसऱ्या बॅचची सरासरी कमी आली, तर बॅच कच्ची होती की परीक्षक कडक, हे गुणांवरून सांगताच येत नाही. म्हणून माझा आग्रह असतो, की निदान पाच-सहा विद्यार्थी दोघांनीही पाहावेत, तेही परीक्षेच्या सुरुवातीलाच. गुण आधी आपापल्या कागदावर लिहावेत, बोलणं नंतर. आधी बोललं की धाकटा परीक्षक वरिष्ठांच्या आकड्याकडे सरकतो आणि जे एकमत दिसतं ते भिडेचं असतं. श्रेणी वेगळी आली, की कुठल्या हालचालीवर दोघं वेगळे गेले ते शोधून वर्णनातलं तेवढंच वाक्य दुरुस्त करावं, आणि मगच पुढची बॅच आत घ्यावी.